लपलेली आकृती शोधताना: आधी कोपरा धरा

स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलची तयारी करताना रीझनिंगमधल्या ज्या प्रश्नाचा मला खरोखर राग यायचा, तो म्हणजे लपलेल्या आकृतीचा. डावीकडे एक साधी आकृती, उजवीकडे रेघारेघांनी भरलेली चार चित्रं, आणि प्रश्न एकच: ही आकृती कोणत्या चित्रात दडली आहे? खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आकृती फिरवायची नाही. कळव्याच्या ज्या अभ्यासिकेत मी बसायचे, तिथे बऱ्याच जणांचं मत होतं की हा प्रश्न नजरेचा आहे, दिसला तर दिसला, नाहीतर पुढे जायचं. टियर एकला ६० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला सरासरी ३६ सेकंद, आणि चुकलं की अर्धा गुण जातो. त्यामुळे हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. मला मात्र तो पटत नव्हता, कारण उत्तर समोर छापलेलं असतं. त्याला ना सूत्र लागतं, ना पाठांतर.

माझ्या शोधण्यात गडबड काय होत होती, ते अभ्यासिकेतल्या एका दादाने दाखवलं. तो रेल्वेच्या परीक्षांना बसून बसून तरबेज झाला होता. त्याने मला एक प्रश्न सोडवायला दिला आणि चित्राकडे न बघता माझ्या डोळ्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "तू अख्खी आकृती शोधतेयस. ठाणे स्टेशनवर संध्याकाळी आईला शोधताना एकेक चेहरा तपासतेस की तिची पिवळी छत्री बघतेस?"

"छत्री."

"मग इथेही छत्री शोध. एक कोपरा धर, असा की जो चित्रात सगळ्यात कमी जागी असेल."

सगळी युक्ती एवढीच आहे, पण ती ऐकून कळत नाही, करूनच कळते. म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. गणिताची चौकटीची वही घ्या.

चार घरं रुंद आणि चार घरं उंच असा मोठा चौरस काढा. उभ्या रेषांना डावीकडून अ, ब, क, ड, इ अशी नावं द्या आणि आडव्या रेषांना वरून १ ते ५. म्हणजे वरचा डावा कोपरा अ१ आणि खालचा उजवा इ५. आता मधली आडवी रेघ अ३ ते इ३ आणि मधली उभी रेघ क१ ते क५ काढा. मग दोन्ही कर्ण काढा, अ१ ते इ५ आणि इ१ ते अ५. शेवटी चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडून आत एक तिरका चौरस काढा: क१, इ३, क५, अ३. या प्रश्नांत हा साचा थोड्याफार फरकाने सारखा भेटतो.

शोधायची आकृती आहे एक कललेला चौकोन, म्हणजे समांतरभुज चौकोन. वरची बाजू दोन घरं आडवी. तिच्या उजव्या टोकातून एक तिरकी रेघ खाली उजवीकडे उतरते, दोन घरं उजवीकडे आणि दोन घरं खाली. तिथून दोन घरं डावीकडे आडवी बाजू, आणि मग तिरकी रेघ वर डावीकडे जाऊन सुरुवातीला मिळते. डावीकडून उजवीकडे वाचताना खाली जाणाऱ्या तिरक्या रेघेला मी उतरती म्हणते आणि वर जाणारीला चढती. म्हणजे आपल्या आकृतीत आडवी, उतरती, आडवी, उतरती अशा चार बाजू आहेत. चढती रेघ एकही नाही, उभीही नाही. आकृती अशी शब्दांत सांगता आली की अर्धं काम झालं. मी हे मनातल्या मनात न करता ओठ हलवून पुटपुटते, कोणी हसलं तरी चालेल.

आता चित्राकडे नुसतं बघा. चौकोन दिसतो का? बहुतेकांना दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. डोळ्याला आधी मोठा चौरस दिसतो, मग आतला तिरका चौरस, मग त्रिकोणांचा ढीग. सलग जाणारी रेघ डोळा सलगच वाचतो, तिचा अर्धाच तुकडा वेगळा काढायला तो तयार नसतो. आपल्या चौकोनाच्या चारही बाजू मात्र अशाच कुठल्या तरी लांब रेघेचे किंवा दुसऱ्या आकाराचे तुकडे असतात. कुर्ट गोटशाल्ट नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२६ साली यावरच प्रयोग केले होते. साधी आकृती काही लोकांना ३ वेळा दाखवली, काहींना ५२० वेळा, आणि मग ती गुंतागुंतीच्या चित्रात ठेवली. ५२० वेळा बघितलेल्यांनाही ती चटकन दिसली नाही. म्हणजे शोधायची आकृती टक लावून बघत बसण्यात फारसा अर्थ नाही. मी आधी तेच करत होते.

आता कोपरा निवडू. आपल्या चौकोनाचा वरचा उजवा कोपरा घ्या. तिथे डावीकडून आडवी रेघ येते आणि उतरती रेघ खाली उजवीकडे निघते. चित्रात रेघा जिथे मिळतात किंवा एकमेकींना छेदतात अशा एकूण १३ जागा आहेत. त्यातल्या ब२, ड२, ब४, ड४ या चार ठिकाणी फक्त तिरक्या रेघा छेदतात, आडवी रेघच नाही, म्हणून त्या बाद. 'अ' वरच्या तिन्ही जागांच्या डावीकडे काही नाही, त्या बाद. 'इ' वरच्या तिघींच्या उजवीकडे काही नाही, त्याही बाद. तळाची क५ राहते, तिच्या खाली काही नाही. उरल्या फक्त क१ आणि क३. तेरा जागांचं काम दोनवर आलं.

क१ पासून चालायला लागा. उतरत्या रेघेने इ३ ला पोहोचा. तिथून आडवं डावीकडे क३ ला. तिथून उतरत्याच रेघेवरून उलट, वर डावीकडे अ१ ला, ही मोठ्या कर्णाची अर्धी लांबी आहे. आणि अ१ वरून आडवं परत क१ ला. आकृती बंद झाली, म्हणजे सापडली. आता पेन्सिलने गिरवा म्हणजे दिसेल की तिच्या आतून तीन परक्या रेघा गेल्या आहेत आणि तिचे चार त्रिकोण झाले आहेत. म्हणूनच ती आधी दिसत नव्हती. आतल्या जादा रेघांनी काही बिघडत नाही, हे मनाला बजावून सांगावं लागतं. जास्तीची रेघ चालते, कमी पडलेली चालत नाही. हाच चौकोन क३ पासूनही मिळतो: क३, इ५, क५, अ३.

परीक्षेत चार पर्याय असतात, आणि खरी परीक्षा चुकीच्या पर्यायांचीच असते. वरच्याच चित्राचे चार प्रकार करून बघा.

पहिल्यात मधली आडवी रेघ पुसा. क१ पासून निघून इ३ ला पोहोचता, पण डावीकडे जायला आडवी वाट नाही. क३ च्या डावीकडेही आडवी रेघ राहिली नाही. पर्याय बाद. गंमत अशी की या चित्रात अ१, अ३, क५, क३ असा अगदी तसाच दिसणारा चौकोन आहे, फक्त त्याच्या दोन बाजू उभ्या आहेत. घाईत तोच डोळ्यांत भरतो. आपण सुरुवातीला 'उभी रेघ नाही' असं पुटपुटलो होतो, ते इथे कामाला येतं.

दुसऱ्यात आडवी रेघ परत काढा आणि अ१ ते इ५ हा कर्ण पुसा. क१ ते इ३, इ३ ते क३, आणि क३ वरून वर डावीकडे वाटच नाही. क३ पासून खाली उतरायलाही रेघ नाही. बाद. इथे क१, इ१, क३, अ३ हा चौकोन मात्र आहे, पण त्याच्या तिरक्या बाजू चढत्या आहेत, म्हणजे ती आरशातली आकृती झाली. मला सर्वांत जास्त वेळ हाच प्रकार खायचा, कारण आकार, माप, सगळं जुळतं आणि फक्त कल उलटा असतो.

तिसरा पर्याय पूर्ण चित्र ठेवा. चौथ्यात कर्ण आणि बाकी सगळं ठेवा, पण आतल्या तिरक्या चौरसाच्या दोन उतरत्या बाजू अर्ध्यावरच थांबवा: क१ पासून फक्त ड२ पर्यंत आणि अ३ पासून फक्त ब४ पर्यंत. हा पर्याय लबाड आहे. रेघ ड२ ला संपते तिथूनच दुसरा कर्ण जातो, त्यामुळे ती अधांतरी तुटल्यासारखी वाटत नाही आणि उरलेला तुकडा डोळा स्वतःच भरून घेतो. चालून बघितलं तरच कळतं: क१ वरून निघालात की ड२ ला अडकता, आणि क३ वरून इ५, मग क५ पर्यंत गेलात की पुढे वर डावीकडे जायला रेघ नाही. म्हणून 'दिसली' असं वाटलं तरी एकदा पूर्ण फेरी मारायचीच. चार बाजूंच्या फेरीला दोन-तीन सेकंद लागतात.

माझं केंद्र नवी मुंबईत महापेला आलं होतं. घणसोलीला उतरून रिक्षा केली. ही परीक्षा संगणकावर असते, पडद्यावर गिरवता येत नाही आणि कच्च्या कागदावर चारही चित्रं उतरवत बसायला वेळ नसतो. म्हणून घरी सराव करतानाच मी पेन्सिल सोडली होती. माउसचा बाण धरलेल्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि बाजूंवरून फिरवायचा, एवढंच. यामुळे नजर दुसऱ्या रेघेवर घसरत नाही. लोकलमध्ये तर बाणही नसतो, तिथे मोबाइलच्या काचेवर बोटाचं नख चालतं.

कोपरा कुठला धरायचा हे चित्रावर ठरतं. चौरसांनी भरलेल्या चित्रात काटकोन धरलात तर फसलात, कारण तो सगळीकडे असतो. तिथे तिरकी रेघ शोधा. याउलट, त्रिकोणांच्या जाळीत काटकोनच दुर्मीळ असू शकतो. शोधायच्या आकृतीत कंस असेल तर सरळ रेघ कंसाला जिथे मिळते तो सांधा धरायचा आणि कंसाचं पोट कुठल्या बाजूला आहे ते आधी पुटपुटायचं. वर्तुळांच्या चित्रात मात्र ही पद्धत मंदावते. कंस एकमेकांना इतक्या जागी छेदतात की कोपरे बाद करून करून हाती फारसं लागत नाही. तिथे मी आधी पर्याय कापते: ज्या चित्रात तेवढ्या आकाराचा कंसच नाही ते बाद. दोन उरले आणि घड्याळात वेळ नसेल तर प्रश्न पुनरावलोकनाला टाकून पुढे.