साठा सिंक, पुढची नोंद: निसटणाऱ्या ओळी अखेर सापडल्या

मागच्या नोंदीत लिहिलेली तफावत तीन आठवडे ताकास तूर लागू देत नव्हती. गोदामातले साठ्याचे आकडे ऑनलाइन दुकानाला पाठवणारा, दर मिनिटाला चालणारा सिंक एकही चूक नोंदवत नव्हता, आणि तरीही रात्रीच्या संपूर्ण पडताळणीत काही वस्तूंचे आकडे गोदामात एक आणि दुकानात दुसरेच निघत. परवा तिचे कारण सापडले.

त्या रात्री अकरा वस्तू चुकलेल्या निघाल्या. या वेळी मी आकड्यांकडे न पाहता त्या ओळींच्या `updated_at` या रकान्याकडे पाहिले, तर अकराही ओळींवर मायक्रोसेकंदापर्यंत तंतोतंत एकच वेळ होती. अकरा वेगवेगळे बदल एकाच मायक्रोसेकंदाला होणे शक्य नाही. म्हणजे ते सर्व एकाच ट्रान्झॅक्शनमधले होते. पोस्टग्रेसमध्ये `now()` ही चालू घडीची वेळ देत नाही, तर ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते. हे मला ठाऊक होते, पण त्याचा सिंकशी संबंध कधी जोडला नव्हता.

बदललेल्या ओळी वाचणारी सिंकची क्वेरी अशी होती:

```sql
SELECT sku, qty, updated_at FROM stock
WHERE updated_at > :last_mark;
```

वाचलेल्या ओळींपैकी सर्वांत अलीकडची वेळ पुढच्या फेरीसाठी `last_mark` म्हणून राहते. आता त्या दिवशीचा क्रम पाहा. माल पाठवण्याची एक मोठी खेप 10:41:20 ला सुरू झाली आणि 10:42:05 ला कमिट झाली. मधल्या 10:42:00 च्या फेरीला ती खेप दिसणे शक्यच नव्हते, पण 10:41:52 ची दुसरी एक कमिट झालेली ओळ दिसली आणि खूण तिथे सरकली. पुढच्या फेरीने 10:41:52 च्या नंतरचे बदल मागितले, तेव्हा खेपेतल्या ओळी कमिट झालेल्या असूनही त्यांच्यावर 10:41:20 हीच वेळ असल्यामुळे त्या कायमच्या मागे राहिल्या. त्यांतल्या एका वस्तूचे गोदामात 4 नग उरले होते आणि दुकान दिवसभर 7 दाखवत होते. त्या वस्तूत पुन्हा बदल होईपर्यंत ही चूक आपोआप मिटणार नव्हती.

`now()` ऐवजी `clock_timestamp()` वापरले तर प्रश्न सुटेल असे प्रथम वाटले, पण त्याने फट अरुंद होते, बुजत नाही, कारण वेळ लिहिणे आणि कमिट होणे यांत अंतर राहतेच. चढत्या क्रमांकालाही हेच लागू आहे, कारण क्रमांक आधी मिळतो आणि कमिट नंतर होते. म्हणून मी खूण पाच मिनिटे मागे नेऊन वाचायला सुरुवात केली. आम्ही फरक न पाठवता पूर्ण आकडा पाठवतो, त्यामुळे तीच ओळ पुन्हा गेली तरी बेरीज बिघडत नाही. दोन दिवस तफावत शून्य राहिली आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला.

मात्र ही नोंद लिहिता लिहिताच त्या उपायाबद्दलचे माझे मत बदलले. एखादी खेप सहा मिनिटे चालली तर आपण पुन्हा पहिल्याच जागी येतो. मग वेळेवर विसंबायचेच कशाला? आज सकाळी `stock_dirty` हे छोटे टेबल केले. साठ्याची ओळ बदलली की ट्रिगर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तिथे एक नोंद टाकतो. कमिट होईपर्यंत ती नोंद सिंकला दिसत नाही, आणि कमिट झाली की कितीही उशिरा का होईना, दिसतेच. फेरीत आधी नोंदींचे `id` वाचायचे, त्यानंतरच साठ्याचा आकडा वाचायचा, आणि दुकानाने आकडा स्वीकारल्यावर नेमक्या वाचलेल्या नोंदी काढायच्या:

```sql
DELETE FROM stock_dirty WHERE id = ANY(:read_ids);
```

येथे `sku` वरून नोंदी काढणे घातक आहे, कारण आकडा पाठवत असताना त्याच वस्तूत झालेल्या नव्या बदलाची नोंदही न वाचताच पुसली जाईल.

चाचणीसाठी साठा बदलून, ट्रान्झॅक्शन `pg_sleep(90)` ने मुद्दाम उघडे ठेवले आणि त्या काळात दुसऱ्या वस्तूचा साठाही बदलला. जुन्या, पाच मिनिटे मागे न जाणाऱ्या पद्धतीने पहिली ओळ प्रत्येक वेळी गमावली, तर नव्या पद्धतीने ती कमिटनंतरच्या पहिल्याच फेरीत उचलली. दर पंधरा मिनिटांनी संपूर्ण यादी ढकलणारे तयार प्लगइन मी यापुढे कोणाला सुचवणार नाही. त्यात अशी चूक पुढच्या यादीखाली झाकली जाते आणि तिचे कारण कधीच कळत नाही.

एक बाजू अजून उघडी आहे. दुकानात 12 पैकी 2 नग विकले गेले आणि ती ऑर्डर गोदामात पोहोचण्याआधी सिंक चालला, तर दुकानातले 10 पुन्हा 12 होतात. सध्या न उचललेल्या ऑर्डरींचे नग वजा करून आकडा पाठवतो, पण ऑर्डरी वाचणे आणि आकडा लिहिणे यांच्या मधल्या क्षणी आलेली ऑर्डर त्यातूनही सुटते. दुकानाच्या एपीआयला अपेक्षित जुना आकडा सोबत देता येतो, आणि तो जुळला नाही तर लेखन नाकारले जाते. पुढच्या आठवड्यात तेच जोडणार आहे, आणि नाकारलेल्या वस्तूची नोंद `stock_dirty` मध्ये तशीच राहू देणार आहे, म्हणजे पुढची फेरी ताज्या आकड्यांनिशी पुन्हा प्रयत्न करील.