जावक क्रमांकासकट आभार

परवा दुपारी पोस्टमन एक पाकीट टाकून गेला. आत कुठल्याशा महाविद्यालयाचं छापील पत्र, जावक क्रमांकासकट. ‘आपल्या कुटुंबाने केलेले आदरातिथ्य अविस्मरणीय होते.’ हिवाळ्यात इतिहासाच्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल धुळ्याला आली होती, तेव्हा दोन मुली आमच्याकडे उतरल्या होत्या. पत्र वाचून ही म्हणाली, “आता हे कोणत्या फायलीत लावू?”

तिचं खरं आहे. असं पत्र संस्थेला शोभतं. मुलं येतात ती राजवाडे संशोधन मंडळात, नाहीतर समर्थ वाग्देवता मंदिरात, जुने कागद आणि पोथ्या बघायला. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला इथेच धुळ्यात गेले आणि लगेच 1927 मध्ये त्यांच्या नावानं मंडळ उभं राहिलं. अशा जागी रीतसर पत्र हवंच. पुढच्या तुकडीची परवानगी मागताना तेच कामाला येतं. पण त्यातही माझा एक हट्ट आहे. कोणतं दप्तर कोणत्या तारखेला पाहिलं ते लिहावं, आणि कपाटातून कागदांचा रुमाल काढून देणाऱ्या सेवकाचं नाव घालावं. ‘कर्मचारीवृंद’ म्हटलं की त्या माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही. नाव असलं की तो त्या पत्राची झेरॉक्स घरी नेतो. लेख छापून आला की एक प्रत पाठवू, असं निघताना सगळेच म्हणतात. ती खरंच यावी, आणि तळटीपेत दप्तराचा क्रमांक असावा. म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तोच कागद शोधत बसावं लागत नाही.

घराचं गणित निराळं. आमची आई शेजारचा डबा कधी रिकामा परत पाठवायची नाही. मूठभर शेंगदाणे, तेही नसले तर चिमूटभर साखर. शेजारच्या जिजी झाकण उघडून दरवेळी म्हणायच्या, “यानी काय गरज व्हती?” आणि दरवेळी आत काय आहे ते नीट बघायच्या.

सहलीतल्या त्या दोन मुलींपैकी एकीनं मात्र बरोबर डबा भरला. वसतिगृहातून तिनं हिला फोटो पाठवला: तव्यावर तीन तुकडे झालेली कळण्याची भाकरी. खाली प्रश्न, “काकू, उडीद किती घालायचे?” मग काय, ही फोनवर बसली. ज्वारी किलोभर तर उडीद पावशेर, तेही सालासकट. मीठ दळतानाच टाकायचं. उडीद कमी पडले की पिठाला चिकटपणा येत नाही, भाकरी थापताना कडा फाटतात. तुझ्या गिरणीवाल्यानं आधीच्या ज्वारीचं पीठ मिसळलं असेल, असाही एक संशय. मी चहा मागितला तर हातानंच ‘थांबा’ म्हणाली.

पुढची भाकरी साधली की नाही, ते अजून कळलेलं नाही. परीक्षा असतील.