'दॅट ____ बी द पोस्टमन' अखेर सुटलं, आणि त्यामुळे 'वुड'चा संच पुन्हा मांडावा लागतोय

मागच्या काही नोंदींपासून इंग्रजीच्या चाचणीतला जो आयटम, म्हणजे रिकामी जागा भरायचा प्रश्न, अडून बसला होता, त्याला या आठवड्यात एकच एक उत्तर मिळालं. वाट मात्र मी ठरवली होती त्यापेक्षा वेगळीच निघाली, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आयटम तुम्हाला पाठ असेल: 'देअर्ज द डोअरबेल. दॅट ____ बी द पोस्टमन.' मला की, म्हणजे एकमेव बरोबर उत्तर, हवी होती 'विल', खात्रीच्या अंदाजाचा विल. ट्रायलला दिलं की 'मस्ट', 'मे', 'माइट', 'कुड' असं सगळंच येत होतं, आणि त्यातलं एकही इंग्रजी म्हणून चूक नाही. सोडवणाऱ्याला गुण कापायचे तर कारण देता आलं पाहिजे, आणि इथे कारणच नव्हतं. अप्पा बळवंत चौकात मिळणारी बरीचशी गाइडं अशा जागेपुढे बिनधास्त 'मस्ट' छापतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. चार शब्द बसत असतील तर तो आयटम नाही, ती पैज आहे.

पहिला उपाय साहजिक होता, संदर्भ वाढवायचा. 'ही ऑल्वेज कम्स अराउंड टेन' हे वाक्य मागे जोडलं. 'मे' आणि 'माइट' बरेच कमी झाले, 'मस्ट' मात्र हलला नाही. इथे लीड्सला वाढलेल्या माझ्या भाचीने नेमकी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मावशी, मस्ट म्हणते तेव्हा मी समोरचं काहीतरी बघून हिशेब करत असते. वरच्या फ्लॅटमध्ये दिवा दिसला, म्हणजे ते घरी असलेच पाहिजेत. पण दहाला बेल वाजली तर मला हिशेब करावाच लागत नाही. रोज दहाला कोण येतं ते मला माहीत आहे." म्हणजे मस्ट पुराव्यावर उभा राहतो आणि विल आधीपासून ठाऊक असलेल्या रीतीवर. फरक खरा आहे, पण तो बोलणाऱ्याच्या मनात आहे. कागदावर 'दहाला येतो' हे वाक्य पुरावा म्हणूनही वाचता येतं, त्यामुळे संदर्भ कितीही वाढवला तरी मस्टला दार बंद होत नाही.

'मे' इतक्यांदा का येतो, तेही याच ट्रायलमध्ये कळलं. माझ्याकडे शनिवारी येणारी मुलं मनातल्या मनात 'पोस्टमन असेल' म्हणतात, आणि 'असेल'ला शाळेपासून 'मे बी' चिकटवलेलं असतं. त्यांना 'पोस्टमनच असणार' म्हणून बघायला सांगितलं, तर त्यातली बरीच आपणहून 'विल'कडे वळली. मात्र ही शिकवण्याची युक्ती झाली. आयटम स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा.

मग टॅग, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडतात तो छोटा प्रश्न, लावला. 'दॅट ____ बी द पोस्टमन, वोन्ट इट?' हे बघून मी खूश झाले होते, कारण आता विलशिवाय काहीच बसत नाही. शेवटचं 'वोन्ट' बाकी सगळ्यांना बाहेर ठेवतं. ट्रायलमध्ये जवळजवळ सगळ्यांनी बरोबर लिहिलं. पण का लिहिलं विचारल्यावर प्रत्येकाने शेपटीकडेच बोट दाखवलं. पोस्टमन, बेल, दहाची वेळ, यातलं काहीही कुणी वाचलं नव्हतं. की एकमेव होती, पण मोजलं जात होतं ते टॅगचं ज्ञान. हा आयटम टॅगच्या संचात टाकला आहे, तिथे तो उत्तम चालतो.

तिसरी वाट की-वर्ड ट्रान्सफॉर्मेशनची, म्हणजे दिलेला शब्द वापरून वरचंच वाक्य त्याच अर्थाने पुन्हा लिहायचं. वर 'आयम शुअर दॅट्स द पोस्टमन अॅट द डोअर', दिलेला शब्द 'विल', आणि खाली 'दॅट ____ अॅट द डोअर'. उत्तर एकच, 'विल बी द पोस्टमन', पण शब्द आपणच हातात दिल्यावर उरतं काय? इथे एक छोटा विजय मात्र झाला आणि तो मी जपून ठेवणार आहे. तोच साचा घडून गेलेल्या गोष्टीच्या अंदाजाला लावला: 'आयम शुअर दे हॅव लँडेड बाय नाउ', दिलेला शब्द 'विल', खाली 'दे ____ बाय नाउ'. हवं आहे 'विल हॅव लँडेड'. ज्याला विल म्हणजे फक्त भविष्यकाळ वाटतो तो 'विल लँड' लिहितो आणि 'बाय नाउ'वर अडकतो. ज्याला विलचा अंदाज कळला आहे तो 'हॅव' विसरत नाही. जाणणारा आणि न जाणणारा इथे स्वच्छ वेगळे होतात. केंब्रिजच्या सी-वन पातळीच्या परीक्षेत अशा उत्तराला तीन ते सहा शब्दांची मर्यादा असते, तिच्यातही हे बसतं. तुम्ही याचं नकारार्थी रूप करणार असाल तर 'वोन्ट' दोन शब्दांचा धरला जातो, हे लक्षात ठेवून मर्यादा आखा.

मूळ पोस्टमन तरीही तिथेच होता. मी तो सोडून देऊन संच फक्त ट्रान्सफॉर्मेशनचा करायचं ठरवलं होतं, आणि सवयीच्या विलची वाक्यं वेगळ्या वहीत काढायला बसले. 'ऑइल विल फ्लोट ऑन वॉटर.' 'हाउएव्हर ऑफन आय टेल हिम, ही विल लीव्ह द गेट ओपन.' पहिल्यात तेलाचा स्वभाव आहे, दुसऱ्यात माणसाची खोड. आणि भाचीचं बोलणं परत आठवलं: रोज दहाला कोण येतं ते मला माहीत आहे. पोस्टमनचा विलही सवयीचाच आहे की! ज्याची रीत ठाऊक आहे त्याच्याबद्दलच आपण इतक्या खात्रीने अंदाज करतो. मग ही तीन वाक्यं वेगवेगळ्या वह्यांत कशाला?

जुन्या मंडळींना केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांमधला गॅप्ड सेंटेन्सेस हा प्रकार आठवत असेल: तीन वाक्यं, तीन रिकाम्या जागा, तिन्हींत बसणारा एकच शब्द. प्रोफिशियन्सी परीक्षेतून तो २०१३च्या बदलात गेला आणि अॅडव्हान्स्ड परीक्षेतून २०१५च्या. फार चांगला प्रकार काढून टाकला असं माझं ठाम मत आहे. तो आपण वापरायला कुणाची हरकत नाही. आयटम आता असा आहे:

'देअर्ज द डोअरबेल. दॅट ____ बी द पोस्टमन. ही ऑल्वेज कम्स अराउंड टेन.'
'ऑइल ____ फ्लोट ऑन वॉटर, विचएव्हर यू पोअर इन फर्स्ट.'
'हाउएव्हर ऑफन आय टेल हिम, ही ____ लीव्ह द गेट ओपन.'

एकेक उमेदवार चालवून बघा. 'मे', 'माइट' आणि 'कुड' पहिल्यात चालतात, तिसऱ्यात पडतात, कारण इतक्यांदा सांगूनही न सुटणारी खोड 'कदाचित'मध्ये मावत नाही. 'कॅन' तेलाला जेमतेम चालेल, पण पोस्टमनला नाही. 'वुड' पोस्टमनला सावध सुरात बसतो, तेलाला बसत नाही, कारण तिथे कसलीही अट नाही. आणि आपला चिवट 'मस्ट' तेलाच्या वाक्यात गळतो: कुठलंही आधी ओता, तेल वर येतंच, ही माहिती आहे, त्यावर कुणी हिशेब करत नाही. उरतो विल. मुख्य म्हणजे इथे शेपटी पकडून सुटत नाही. तिन्ही वाक्यं वाचावीच लागतात.

तिसऱ्या वाक्यावर एक खरी मर्यादा आहे. बोलताना हा विल जोर देऊन म्हणतात आणि त्याचा ''ल' होत नाही. 'हील लीव्ह द गेट ओपन' म्हटलं की वैताग जातो आणि साधा भविष्यकाळ उरतो. कागदावर जोर दिसत नाही, म्हणून वैताग 'हाउएव्हर ऑफन आय टेल हिम'मध्ये आधीच भरून ठेवला आहे. तो तुकडा लांब वाटला तरी कापू नका.

एका ट्रायलवाल्यांनी आक्षेप घेतला की जुन्या इंग्रजीत 'मस्ट'ही अशा वैतागाला येतो, नेमकं नको तेव्हा कुणीतरी काहीतरी करतो त्या अर्थाने. आक्षेप बरोबर आहे. पण तो मस्ट एकदाच घडलेल्या प्रसंगाला येतो, इथली खोड वारंवारची आहे, आणि तेलाचं वाक्य त्याला तसंही थांबवतं. तीन वाक्यांचा फायदा हाच, एकाची फट दुसरं बुजवतं.

वाक्यांचा शोध घेताना बीएनसी, म्हणजे ब्रिटिश इंग्रजीच्या खऱ्या वापराचा शोधता येणारा संग्रह, फार उपयोगी पडला. दहा कोटी शब्दांत दहा टक्केच बोलीतले आहेत, पण या विलसाठी तेच सोनं आहे. शोधताना दोन प्रकारचा कचरा येतो, तो आधीच बाजूला काढा: 'दॅट'ल बी द' घातलं तर 'दॅट'ल बी द डे', म्हणजे असं कधी होणारच नाही, आणि 'द' काढून शोधलंत तर दुकानातले हिशेब, 'दॅट'ल बी फाइव्ह पाउंड्स'. दुकानदाराचा विलही या कुटुंबातलाच आहे, पण संचात तो घोटाळा करतो.

तपासणीबद्दल एक. उत्तरं फोनवरून आली की विलच्या आखूड रूपातलं अपॉस्ट्रॉफी कधी सरळ येतं, कधी वाकडं, आणि शीट बरोबर उत्तरालाही चूक म्हणते. मी उत्तराच्या रकान्याशेजारी हे लावलं आहे:

```
=LOWER(TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(8217),"'")))
```

आता 'वुड'चा संच. तो मी ट्रान्सफॉर्मेशननेच संपवणार होते, पण हा प्रकार हाती लागल्यावर ते मोडलं. सध्याचा कच्चा आयटम:

'ही सेज ही न्यू नथिंग अबाउट इट. वेल, ही ____ से दॅट. हिज जॉब डिपेंड्स ऑन इट.'
'व्हेनएव्हर इट रेन्ड, माय ग्रँडमदर ____ मेक भजीज विदाउट बीइंग आस्क्ड.'
'अ टॉल गर्ल केम यस्टरडे? दॅट ____ हॅव बीन माय कझिन.'

पहिल्या वाक्यामागे १९६३चा लंडनमधला खटला आहे. लॉर्ड अॅस्टर आरोप नाकारतात असं सांगितल्यावर साक्षीत मँडी राइस-डेव्हिस म्हणाली होती, 'वेल, ही वुड, वुडन्ट ही?' तो नाकारणारच, दुसरं काय करणार. तिच्या उत्तरातला टॅग मी मुद्दाम काढला आहे, नाहीतर पुन्हा शेपटीची गोष्ट होईल. दुसऱ्यात आजी भजी करायची तो वुड आहे. तिथे 'यूज्ड टू' अर्थाने बसतं, पण जागा एका शब्दाची आहे. आजीच्या जागी विहीर आणू नका: 'देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर' चालतं, वुड तिथे चालत नाही, कारण ती स्थिती आहे, पुन्हा पुन्हा केलेलं काम नाही.

अडचण अशी की दुसरं वाक्य एकटंच जवळजवळ सगळं काम करतं. व्हेनएव्हर आणि भूतकाळ दिसला की वुड लिहून मुलं मोकळी होतात, बाकीची दोन वाचतच नाहीत. त्याला थोडं सैल करायला हवं, म्हणजे 'कुड'ही तिथे बसेल आणि त्याला पाडायचं काम पहिल्या वाक्यावर जाईल. 'ऑन वेट इव्हनिंग्ज माय ग्रँडमदर ____ टेल अस स्टोरीज फॉर आवर्स' हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं. यात कुड बसतो, आणि पहिल्यात 'ही कुड से दॅट' नोकरीच्या कारणापुढे लंगडं पडतं. शनिवारी हेच लावते. तुमच्या ट्रायलमध्ये कुणी तिन्हींत 'कुड' टिकवून दाखवला तर वाक्यासकट कळवा.