टाच, तळवा आणि घोटा: घोडेस्वारीच्या बुटांचा माझा अनुभव

पुण्यात वयाच्या चाळिशीत घोडेस्वारी शिकायला सुरुवात केली, तेव्हा धावण्याचे बूट पुरेसे होतील, असे मी गृहीत धरले होते. तिसऱ्या दिवशी दुडक्या चालीत तोल पुढे गेला आणि सपाट तळाचा तो बूट रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, सरकत थेट घोट्यापर्यंत आत गेला. सरांनी तत्काळ घोडा थांबवला, माझा पाय स्वतः बाहेर काढला आणि म्हणाले, "पडण्याचे भय नाही हो, पाय अडकून फरफटत जाण्याचे आहे."

मग मी पदभ्रमणाचे भक्कम बूट घेतले आणि दुसरी चूक केली. त्यांना टाच होती, घोटाही झाकला जात होता. मात्र तळव्याच्या खोल खाचांत रिकिबीची कडा रुतून बसे. सरांनी घोडा उभा असतानाच मला पाय मागे ओढून काढायला सांगितले, तर पायाबरोबर रिकीबही मागे आली. शिवाय ते बूट घोट्याशी इतके ताठ होते, की टाच खाली दाबताच येईना. आणि टाच खाली गेल्याशिवाय मांड पक्की बसत नाही, हे एव्हाना कळून चुकले होते.

अखेरीस मी जोधपुरी धाटणीचे, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक असलेले, घोट्याच्या वर येणारे चामडी बूट घेतले. दुकानात जाताना मोजपट्टी सोबत नेली होती. टाच सुमारे अडीच सेंटिमीटर उंच होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिची पुढची बाजू सरळ खाली उतरत होती, कारण तळव्याशी उतार होऊन मिसळणारी टाच रिकिबीला अडवत नाही. तळव्यावरून अंगठा फिरवला, तेव्हा बारीक नक्षीच तेवढी हाताला लागली. घोट्याभोवतीचे चामडे घट्ट होते, तरी उकिडवे बसल्यावर सहज दुमडत होते. आतल्या बाजूला जाड शिवण नाही, हेही पाहून घेतले, कारण ती घोट्याला घासते. (विक्रेता मात्र चकाकीचेच कौतुक सांगत होता.)

नवे बूट घालून तालमीच्या मैदानावर गेलो, तेव्हा सरांनी बुटांआधी रिकीब तपासली. बुटाच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना मिळून साधारण अडीच सेंटिमीटर जागा सुटायला हवी. अरुंद रिकिबीत पाय अडकतो आणि फार रुंद असेल तर टाच असूनही आरपार जाऊ शकतो. माझ्या नेहमीच्या खोगिराची रिकीब या बुटांना अरुंद पडली, म्हणून सरांनी ती जोडी बदलून दिली. त्यानंतरच मला खोगिरावर बसू दिले.