समुद्र उकळत नाही

बुधवार, रात्री उशिरा

वर्णन लिहून दिलं की त्याचा व्हिडिओ करून देणारं जे साधन आहे, त्याच्यासमोर संध्याकाळपासून बसले आहे. शुक्रवारी वर्गात जलचक्र शिकवायचंय आणि त्यासाठी छोटा ॲनिमेटेड व्हिडिओ हवाय. पहिला प्रॉम्प्ट दोन मिनिटांत लिहिला होता: "साध्या, रंगीत ॲनिमेशनमध्ये जलचक्र दाखवा. उन्हामुळे समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफ वर जाऊन ढग होतो, ढगातून पाऊस पडतो आणि पाणी नदीतून पुन्हा समुद्रात येतं."

वाचताना यात काहीच खटकत नाही. क्लिप आली आठ सेकंदांची, रंग छान, सूर्य टवटवीत. पण समुद्रातून पांढरे लोट उठत होते, चहाचं आधण ठेवल्यासारखे. ते लोट वर जाऊन साचले आणि त्यांचाच ढग झाला. मी ती क्लिप तीनदा पाहिली आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आला. हे पाहिलेलं मूल मनात काय पक्कं करेल? पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही, आणि ढग म्हणजे वर जमलेली वाफ. या दोन्ही समजुती मी दरवर्षी उत्तरपत्रिकांमध्ये वाचते. त्यांना माझ्याच व्हिडिओने खतपाणी घालायचं का?

चूक साधनाची नव्हती, माझ्या शब्दाची होती. मराठीत आपण 'वाफ' दोन गोष्टींना म्हणतो. पाण्याचा जो वायू होतो तीही वाफ, आणि पातेल्यावर पांढरं दिसतं तीही वाफ. मघाशी मुद्दाम किटली ठेवून पाहिली. पाणी खळखळायला लागल्यावर तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते, पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. खरा वायू त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत असतो. पुढचं पांढरं म्हणजे थंड हवा लागून पुन्हा पाणीच झालेले बारीक थेंब. ढगही त्याच जातीचा, पाण्याच्या थेंबांचा. खूप उंचावर असला तर बर्फाच्या कणांचा. म्हणजे समुद्र आणि ढग यांच्यामध्ये जे वर जातं ते डोळ्यांना दिसतच नाही, आणि मला तेच व्हिडिओत दाखवायचंय.

मग प्रॉम्प्टच्या शेवटी जोडलं, "पांढरी वाफ किंवा धूर नको." लोट आणखी दाट झाले! थोडा विचार केल्यावर कारण लक्षात आलं. ही साधनं ज्या चित्रांवरून आणि त्यांच्या वर्णनांवरून शिकतात, त्या वर्णनांत चित्रात काय आहे ते लिहिलेलं असतं, काय नाही ते क्वचितच. त्यामुळे 'नको' बाजूला राहतं आणि 'धूर' तेवढा चित्रात उतरतो. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, माझ्याकडच्या साधनात नाही. म्हणून ठरवलं की नको असलेल्या गोष्टीचं नावच घ्यायचं नाही, तिच्या जागी काय हवं ते लिहायचं. 'वाफ' हा शब्दही काढून टाकला.

दहाच्या सुमारास पहिल्या दृश्याचा प्रॉम्प्ट असा झाला:

"सपाट रंगांचं, कागद कापून केल्यासारखं ॲनिमेशन. कॅमेरा स्थिर, समोरून. खाली शांत निळा समुद्र, डावीकडे वर पिवळा गोल सूर्य. मधली हवा स्वच्छ आणि पारदर्शक, समुद्रामागचे डोंगर स्पष्ट दिसतात. पाण्याच्या पृष्ठभागावरून तीस-चाळीस छोटे निळे ठिपके एकेक करून सुटतात, एकमेकांपासून लांब लांब राहून सावकाश वर तरंगत जातात. वरचा उजवा कोपरा रिकामा."

मागचे डोंगर स्पष्ट दिसायला हवेत, या एका वाक्याने सगळ्यात जास्त काम केलं. डोंगर दाखवायचे म्हटल्यावर धुक्याला जागाच उरली नाही. ठिपके ही आपण ठरवलेली खूण आहे, हवेत असे निळे ठिपके दिसत नाहीत, हे मात्र वर्गात मला तोंडाने सांगावं लागेल. उजवा कोपरा 'बाष्पीभवन' या शब्दासाठी मोकळा ठेवलाय. तो शब्द साधनालाच लिहायला सांगून पाहिलं होतं, तर जोडाक्षरांचा पार चुराडा झाला. आता अक्षरं मी नंतर एडिटिंगमध्ये टाकणार.

पूर्ण जलचक्र एका क्लिपमध्ये बसवण्याचा हट्टही सोडला. आठ सेकंदांत चार घटना कोंबल्या की ठिपक्यांचा एकदम ढग होतो आणि मधलं 'का' गळून पडतं. आता चार क्लिप करायच्या. शैलीचं पहिलं वाक्य चारही ठिकाणी अक्षरशः तेच ठेवायचं, आणि एका क्लिपची शेवटची चौकट पुढच्या क्लिपला सुरुवातीचं चित्र म्हणून द्यायची. तसं केलं नाही तर दुसऱ्या क्लिपमध्ये सूर्याला डोळे फुटतात. फुटलेच होते.

दुसरं दृश्य ढगाचं, आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला. हवा वर जाते तशी प्रसरण पावते आणि थंड होते, ढग बनेपर्यंत साधारण दर किलोमीटरला 10 अंश सेल्सिअस. एका ठरावीक उंचीवर ती इतकी थंड होते की तिच्यातलं बाष्प धुळीच्या किंवा मिठाच्या सूक्ष्म कणांवर पाणी होऊन बसायला लागतं. म्हणून तर कापसासारख्या पांढऱ्या ढगांचा तळ बहुतेक वेळा सपाट असतो. प्रॉम्प्टमध्ये लिहिलं: "निळे ठिपके एकाच उंचीवर पोचल्यावर थांबतात, तपकिरी कणांभोवती गोळा होतात आणि पांढरे गोल थेंब होतात. ढगाचा तळ पट्टीने आखल्यासारखा सपाट, माथा गुबगुबीत." चौथ्या प्रयत्नात जमलं. ती आखल्यासारखी रेघ पडद्यावर दिसली तेव्हा फार आनंद झाला, कारण मूल खिडकीतून खरा ढग पाहून ती ताडून बघू शकेल.

पावसाच्या क्लिपमध्ये थेंब अश्रूसारखे टोकदार आले. तिथे "लहान गोल थेंब" एवढं लिहिल्यावर काम झालं. ढगातला थेंब जेमतेम 0.02 मिलिमीटर रुंद असतो आणि पावसाचा 2 मिलिमीटरच्या आसपास. रुंदी शंभरपट, म्हणजे पाणी दहा लाखपट. व्हिडिओत दहा लाख थेंब काही येणार नाहीत. पुष्कळ थेंब एकमेकांत मिसळतात, मोठा झालेला थेंब निसटून खाली पडतो, इतकं दाखवलंय. आकडा मी फळ्यावर लिहीन.

गुरुवार, संध्याकाळ

आवाज बंद ठेवून व्हिडिओ शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीला दाखवला आणि काय झालं ते सांग म्हटलं. ती म्हणाली, "समुद्रातून ठिपके उडाले, वर त्यांना थंडी वाजली, मग ते धुळीला चिकटून ढग झाले." उकळण्याचं नावही तिने काढलं नाही. मग जरा थांबून तिने विचारलं, "काकू, समुद्राचं पाणी खारट ना? मग ठिपकेपण खारट का?"

हे माझ्या प्रॉम्प्टमध्ये कुठेच नव्हतं. रात्री पहिली क्लिप पुन्हा करायला घेतली आहे. समुद्राच्या वर्णनानंतर एक वाक्य वाढवलं: "पाण्यात पांढरे चौकोनी कण विखुरलेले आहेत, निळे ठिपके वर जातात, चौकोनी कण सगळे पाण्यातच राहतात." पहिल्या खेपेला दोन चौकोन ठिपक्यांबरोबर वर गेले. आता दुसरी खेप लावली आहे.