आमची वाटचाल: पहिलं परदेशी गिऱ्हाईक आणि अडकलेलं क्रेडिट

आम्ही दोघांनी 2019 साली कोल्हापुरात कंपनी सुरू केली. शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं, म्हणजे कोणत्या भट्टीत कोणती हीट लागली, किती कास्टिंग नाकारलं गेलं आणि का, याची नोंद ठेवणारी प्रणाली. पहिली चार वर्षं सगळी बिलं इथलीच होती. 18 टक्के जीएसटी लावायचा, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा, खरेदीवर भरलेला वजा करून उरलेला सरकारला द्यायचा. यात डोकं लावावं लागत नव्हतं.

2023 च्या शेवटी अमेरिकेतल्या एका कास्टिंग कंपनीचं काम मिळालं. दरमहा 7,200 डॉलर, बिल महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पैसे 60 दिवसांनी. आमच्यासाठी ही मोठी उडी होती. काम वाढणार म्हणून जानेवारी 2024 मध्ये नवीन जागा घेतली, एका एजन्सीमार्फत माणसं घेतली, सहा लॅपटॉप आणले. सीए म्हणाले, "निर्यातीवर कर शून्य. एलयूटी भरून ठेवा, आणि खर्चावर भरलेला जीएसटी परत मिळेल." एलयूटी म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र. ते पोर्टलवर RFD-11 फॉर्ममध्ये भरतात आणि दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावं लागतं. ते आम्ही पहिल्या बिलाआधीच भरलं आणि 1 एप्रिल उलटायच्या आत पुढच्या वर्षाचंही भरलं.

"परत मिळेल" या दोन शब्दांमागे किती अटी आहेत, ते मात्र पुढच्या सहा महिन्यांत कळलं.

आकडे मुद्दाम सांगते, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट समजत नाही. रक्कम गोल केली आहे. जानेवारी ते मार्च या तिमाहीत भाड्यावरचा जीएसटी 32,400 रुपये, माणसं मिळवून देणाऱ्या एजन्सीच्या बिलावरचा 36,000, परदेशी क्लाउड सर्व्हरवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी, आम्ही स्वतः रोखीने भरलेला 18,000 आणि इंटरनेट वगैरे किरकोळ 3,600. एकूण 90,000. शिवाय लॅपटॉपवरचे 64,800. खरेदीवर भरलेल्या या कराला क्रेडिट म्हणतात आणि ते सगळं जीएसटी पोर्टलवरच्या आमच्या क्रेडिट लेजरमध्ये जमा होतं. स्थानिक कामापैकी तेव्हा फक्त एका फाउंड्रीचा देखभाल करार चालू होता, तिमाहीला एक लाखाचा. त्याचे 18,000 त्याच क्रेडिटमधून वळते केले.

आमचा पहिला समज चुकला तो लॅपटॉपवर. निर्यातीच्या परताव्यात फक्त माल आणि सेवांवरचं क्रेडिट धरतात, भांडवली मालावरचं नाही. संगणक आमच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून चढले होते, त्यामुळे ते 64,800 परताव्याच्या हिशेबातून बाहेर गेले. ते बुडत नाहीत. लेजरमध्ये राहतात आणि स्थानिक बिलांवरचा कर भरायला वापरता येतात. पण ज्यांचं शंभर टक्के काम एलयूटीवरच्या निर्यातीचं आहे, त्यांच्याकडे स्थानिक कर नसतोच. त्यांचं क्रेडिट तिथेच पडून राहतं. लहान कंपनीने लॅपटॉप विकत घ्यायचे की भाड्याने, हे ठरवताना हा मुद्दा आधी मांडायला हवा. भाड्यावरचा कर सेवेवरचा असतो, म्हणून तो परताव्यात धरला जातो.

दुसरी चूक मोठी होती. तिमाहीचं विवरणपत्र भरून झाल्यावर मे महिन्यात आम्ही RFD-01, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरला. तीन बिलं, 18 लाखांची निर्यात, एक लाख स्थानिक, 90,000 चं क्रेडिट. अर्ज भरताना तेवढी रक्कम लेजरमधून लगेच वजा होते. RFD-02 ची पोच मिळाली आणि काही दिवसांनी जीएसटी कार्यालयातून फोन आला. अधिकारी शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमची बिलं जानेवारी ते मार्चची आहेत. पण बँकेचे कागद बघा. त्या तिमाहीत एक तरी डॉलर आला आहे का?"

नव्हता आला. जानेवारीच्या बिलाचे पैसे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले होते, फेब्रुवारीच्या बिलाचे मे महिन्यात, मार्चचे तर यायचेच होते.

परताव्याचं सूत्र जीएसटीच्या नियम 89(4) मध्ये आहे:

```
परतावा = निव्वळ क्रेडिट × निर्यात उलाढाल ÷ समायोजित एकूण उलाढाल
```

माल निर्यात करणाऱ्याची उलाढाल मालाच्या निर्यातीवरून धरतात. सेवेचं तसं नाही. सेवेच्या बाबतीत "निर्यात उलाढाल" म्हणजे त्या कालावधीत प्रत्यक्ष मिळालेले पैसे. आधीच्या कालावधीत आगाऊ पैसे आले असतील आणि काम आत्ता पूर्ण झालं असेल, तर ते मिळवायचे. आत्ता आगाऊ आले पण काम बाकी असेल, तर वजा करायचे. बिलाची तारीख या सूत्रात कुठेच येत नाही. जानेवारी ते मार्चमध्ये आमची पावती शून्य, म्हणून अंश शून्य, म्हणून परतावा शून्य.

मला वाटलं, ठीक आहे, एप्रिल ते जूनमध्ये पैसे आले की तेव्हा मागू. सीएंनी थांबवलं. निव्वळ क्रेडिटसुद्धा त्याच कालावधीत घेतलेलं धरायचं असतं. एप्रिल ते जूनमध्ये आमचं क्रेडिट फक्त 54,000 होतं, कारण एजन्सीचं बिल आधीच होऊन गेलं होतं. त्या तिमाहीत पैसे 18 लाख, स्थानिक काम एक लाख. सूत्राने 54,000 चे अठरा एकोणिसांश, म्हणजे 51,158 रुपये मिळाले असते. आधीच्या तिमाहीतले 90,000 कोणत्याच अर्जात बसले नसते. पैसे एका तिमाहीत आणि खर्च दुसऱ्या तिमाहीत, अशी फारकत झाली की हे होतं. ज्या कंपनीला 60 किंवा 90 दिवसांच्या मुदतीचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळतं, तिच्या पहिल्या तिमाहीत तर हे होतंच.

यावरचा उपाय कालावधी निवडण्यात आहे. "संबंधित कालावधी" म्हणजे ज्या कालावधीसाठी अर्ज केला तो, आणि तो लांब करता येतो. पूर्वी दोन आर्थिक वर्षांचे महिने एका अर्जात जोडता येत नसत. 31 मार्च 2020 च्या परिपत्रकाने ती आडकाठी काढली. आमच्यासाठी तीच सोय निर्णायक ठरली, कारण आमचा मार्च एका वर्षात होता आणि एप्रिल दुसऱ्या. कारणे दाखवा नोटीस निघायच्या आत आम्ही RFD-01W भरून पहिला अर्ज मागे घेतला. वजा झालेली रक्कम लेजरमध्ये परत आली. मग जूनची तिमाही संपून विवरणपत्र भरल्यावर ऑगस्टमध्ये जानेवारी ते जून असा एकच अर्ज केला.

आता निव्वळ क्रेडिट 90,000 अधिक 54,000, म्हणजे 1,44,000. मिळालेले पैसे 18 लाख. समायोजित एकूण उलाढाल 18 लाख अधिक दोन तिमाहींचं स्थानिक काम दोन लाख, म्हणजे 20 लाख. गुणोत्तर 0.9. परतावा 1,29,600 रुपये. नुसत्या जून तिमाहीच्या अर्जापेक्षा 78,442 जास्त. लेजरमधली शिल्लक यापेक्षा कमी असती तर परतावा तेवढ्यावरच अडला असता, म्हणून तीही तपासली. एकूण आलेलं 2,08,800, स्थानिक करापोटी गेलेले 36,000, उरलेले 1,72,800. पुरेसे होते.

अर्जाला दोन वर्षांची मुदत असते. काम आधी आणि पैसे नंतर आले असतील, तर ती पैसे मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. त्यामुळे थांबून मोठा कालावधी घेण्यात धोका नव्हता. लहान कंपनीला थांबणं परवडतंच असं नाही, तरी मी घाई न करणंच पसंत करेन.

उरला प्रश्न पैसे आल्याच्या पुराव्याचा. पहिल्या दोन रकमा थेट आमच्या बँकेत डॉलरमध्ये आल्या. बँकेने त्या P0802 या उद्देश कोडखाली नोंदवल्या, तो सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणीसाठी आहे. त्यांची माहिती डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर गेली आणि तिथून आम्हीच ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे बँकेत आल्याचं प्रमाणपत्र, काढली. एका रकमेत मधल्या बँकेने 15 डॉलर कापले होते. अर्जासोबत बिलनिहाय तक्ता जोडला: बिल किती, आले किती, फरक कशाचा. त्यावर कोणी काही विचारलं नाही.

जूनची रक्कम मात्र आमच्या झोपेवर आली. गिऱ्हाइकाच्या नव्या लेखापालाने ती एका पेमेंट कंपनीमार्फत पाठवली. आमच्या खात्यात ती रुपयांत, एका भारतीय खात्यातून एनईएफटीने आली. पासबुकावरून पाहिलं तर पुण्यातल्या एखाद्या दुकानाने पैसे दिल्यासारखं. सेवा निर्यात ठरण्याची एक अट अशी आहे की मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात मिळायला हवा, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत. डॉलर भारतात कोणत्या अधिकृत बँकेत उतरले आणि तिथे रुपये कसे झाले, हे दाखवणारा कागद हवा होता. तो, म्हणजे परकीय रक्कम आल्याची सूचना, त्या पेमेंट कंपनीच्या बँकेकडून मिळवायला तीन आठवडे गेले. त्यावर आमचं नाव, बिल क्रमांक आणि डॉलरची रक्कम तिन्ही होती, म्हणून चाललं. नाव नसतं तर सहा लाखांची पावती अंशातून गेली असती आणि परतावा 1,23,429 वर आला असता. तोटा सहा हजारांचा दिसतो, पण खरी भीती वेगळी होती. ती रक्कम निर्यातीचीच नाही असं ठरलं, तर त्या बिलावर 18 टक्के कर मागितला गेला असता, 1,08,000 रुपये आणि वर व्याज. तेव्हापासून करारातच लिहिलं आहे की पैसे थेट आमच्या बँक खात्यात डॉलरमध्ये पाठवायचे आणि बँकांचे शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे.

ऑक्टोबरमध्ये RFD-06 आदेश निघाला, पूर्ण 1,29,600 मंजूर. लेजरमध्ये 43,200 उरले, लॅपटॉपचेच म्हणा. त्या फाउंड्रीचा देखभाल करार अजून चालू आहे. तिच्या सप्टेंबर आणि डिसेंबरच्या बिलांचा कर त्यातून गेला, आणि मार्च 2025 च्या बिलाला उरलेले 7,200 लागले.