आमची वाटचाल: एका कॅलेंडरपासून तीन कॅलेंडरांपर्यंत

आमच्या छोट्या फर्मचं काम एकच आहे. दोन-तीन देशांत विभागलेल्या प्रकल्पांची वेळापत्रकं आम्ही बनवतो आणि चालवतो. बहुतेक वेळा आरेखन एका देशात असतं आणि साइट दुसऱ्या देशात. या कामात आमची पद्धत दोनदा बदलली, आणि दोन्ही वेळा कारण साप्ताहिक सुट्टीच होतं. इथे ती पद्धत एका उदाहरणावरून मांडली आहे. आरेखन म्युनिकमध्ये, साइट रियाधमध्ये आणि काळ मे-जून 2026. उदाहरण रचलेलं आहे, पण असा पेच नेहमीचाच.

म्युनिकचं ऑफिस सोमवार ते शुक्रवार चालतं. रियाधमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवार ते गुरुवार काम. काम चार टप्प्यांचं आहे: म्युनिकमध्ये आरेखनाचे 8 दिवस, रियाधमध्ये तपासणीचे 6, म्युनिकमध्ये दुरुस्तीचे 3 आणि शेवटी दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून मंजुरीचे 2. एकूण 19 कामाचे दिवस. सुरुवात सोमवार, 11 मे.

पहिली पद्धत सगळे करतात तीच. एकच कॅलेंडर, शनिवार-रविवार बंद. हिशेब येतो गुरुवार, 4 जून. तारीख दिसायला नीटनेटकी आहे, पण ती कुठल्याच देशाची नाही. त्यात रियाधची माणसं शुक्रवारी कामावर आणि रविवारी घरी आहेत, आणि दोन्हीकडचे सण गायब आहेत.

ही चूक कळल्यावर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. कुणाचीही सुट्टी असली की तो दिवस सगळ्यांना बंद. मग शुक्रवार, शनिवार आणि रविवार तिन्ही जातात, आठवड्याला चारच दिवस उरतात आणि दोन्ही देशांचे सण त्यातूनही वजा होतात. तेच 19 दिवस आता सोमवार, 22 जूनपर्यंत लांबतात. ग्राहकाला हे वेळापत्रक सुरक्षित वाटतं, पण आमच्या मते हे पहिल्यापेक्षा वाईट. पहिलं निदान उघड चुकतं. यात मात्र म्युनिकची माणसं शुक्रवारी काम करत असतात आणि कागदावर तो दिवस बंद दिसतो, त्यामुळे काही दिवसांनी वेळापत्रकाकडे कुणी बघेनासं होतं.

तिसरी पद्धत आजची. इथे कॅलेंडर प्रकल्पाला जोडायचं नाही, काम ज्याच्या हातात असतं त्याला जोडायचं. प्रत्येक कामाला आम्ही एकच प्रश्न विचारतो: हे काम एकाने करून दुसऱ्याकडे द्यायचं आहे, की दोघांना एकाच वेळी हजर राहावं लागतं? देण्या-घेण्याच्या कामाला फक्त करणाऱ्याचं कॅलेंडर लागतं. समान दिवस, म्हणजे सोमवार ते गुरुवार, फक्त एकत्र बसण्याच्या कामालाच. आमच्या उदाहरणात 19 पैकी दोनच दिवस असे आहेत. बाकीच्या 17 दिवसांना चार दिवसांच्या आठवड्यात कोंबायचं काहीच कारण नव्हतं.

आता सण भरू. म्युनिकच्या यादीत 14 मे (स्वर्गारोहण दिन), 25 मे (पेंटेकॉस्ट सोमवार) आणि 4 जून (कॉर्पस क्रिस्टी) येतात. यातले पहिले दोन पूर्ण जर्मनीत असतात. तिसरा बायर्नसारख्या काही राज्यांतच असतो. हेच ऑफिस बर्लिनला असतं तर 4 जूनला चालू राहिलं असतं. म्हणून यादी नुसती देशाची मागवून चालत नाही, राज्य विचारावंच लागतं. रियाधच्या यादीत बकरी ईद येते. ती अंदाजे बुधवारी, 27 मेला, आणि खासगी क्षेत्रातली सुट्टी ईदेच्या आदल्या, अरफाच्या दिवसापासून चार दिवसांची, म्हणजे 26 ते 29 मे. त्यातला शेवटचा दिवस शुक्रवारच आहे. साप्ताहिक सुट्टीवर पडलेल्या दिवसाची भरपाई कधी देणार, हे साइटकडून लेखी घ्यायचं. या हिशेबात ती मंजुरी झाल्यानंतर धरली आहे.

आता काम पुढे सरकवू. 11 मेपासून म्युनिकचे 8 दिवस, मध्ये 14 तारीख बंद, म्हणजे आरेखन गुरुवारी, 21 मेला पूर्ण. रियाधला ते मिळतं रविवारी, 24 तारखेला. 24 आणि 25 असे दोन दिवस काम होतं. म्युनिकला 25 तारखेला सुट्टी आहे, पण तेव्हा काम रियाधच्या टेबलावर असल्यामुळे त्या सुट्टीची किंमत शून्य. पुढे ईद आणि लगेच शुक्रवार-शनिवार. मग 31 मे ते 3 जून उरलेले चार दिवस होतात. बुधवारी तपासणी संपते आणि दुसऱ्याच दिवशी म्युनिकला कॉर्पस क्रिस्टी. दुरुस्तीचे दिवस 5, 8 आणि 9 जून. मंजुरीची बैठक 10 आणि 11 जूनला, बुधवार-गुरुवार. उत्तर: गुरुवार, 11 जून. एकाच कॅलेंडरच्या तारखेपेक्षा बरोब्बर एक आठवडा उशिरा आणि सगळं बंद ठेवणाऱ्या तारखेपेक्षा अकरा दिवस आधी.

स्प्रेडशीटमध्ये हे चार ओळींत होतं. `Munich` आणि `Riyadh` या दोन सुट्ट्यांच्या याद्या, आणि `Both` म्हणजे दोन्ही एकत्र.

```
B2: 2026-05-11
B3: =WORKDAY.INTL(B2-1, 8, 1, Munich)
B4: =WORKDAY.INTL(B3, 6, 7, Riyadh)
B5: =WORKDAY.INTL(B4, 3, 1, Munich)
B6: =WORKDAY.INTL(B5, 2, "0000111", Both)
```

इथे `1` म्हणजे शनिवार-रविवार बंद आणि `7` म्हणजे शुक्रवार-शनिवार बंद. पहिल्या ओळीतलं `B2-1` विसरू नका. हे सूत्र सुरुवातीचा दिवस मोजत नाही, त्यामुळे तो उणे एक नसला तर आरेखनालाच एक दिवस जादा लागतो.

ठरलेल्या आकड्यांत न बसणारा आठवडा सात अंकांच्या ओळीने सांगायचा, ज्यात 1 म्हणजे बंद. ही ओळ सोमवारपासून सुरू होते, आणि सगळ्यात फसवी चूक इथेच आहे. रविवारपासून मोजायची सवय असलेला माणूस शुक्रवार-शनिवारसाठी `"0000011"` लिहितो. त्याचा खरा अर्थ शनिवार-रविवार. सूत्र निमूटपणे चालतं, एरर येत नाही, तारीखही पटण्यासारखी असते. बरोबर ओळ `"0000110"`. अवतरण चिन्हं गळाली तर ती साधी 110 ही संख्या होते आणि `#NUM!` दिसतं. ही चूक उलट बरी, दिसते तरी. म्हणून कुठलंही नवं कॅलेंडर वापरण्याआधी आम्ही एकच चाचणी करतो: गुरुवार, 21 मे अधिक एक दिवस. रियाधसाठी उत्तर रविवार, 24 मे यायला हवं. शुक्रवार आला तर ओळ चुकली.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरणाऱ्यांना आणखी एक खाचखळगा आहे. प्रत्येक माणसाला त्याचं कॅलेंडर दिलं की देण्या-घेण्याची कामं नीट बसतात. मंजुरीच्या बैठकीला मात्र म्युनिकचा एक आणि रियाधचा एक असे दोघे लावले, तर प्रोग्रॅम दोघांचे दिवस वेगवेगळे मोजतो. एकाची बैठक शुक्रवारी आणि दुसऱ्याची रविवारी अशी गंमत सहज होते. अशा एकत्र कामालाच सोमवार ते गुरुवारचं वेगळं कॅलेंडर टास्कवर लावावं लागतं. आमचं तिसरं कॅलेंडर ते हेच.

ईदेचं काय करायचं? चंद्रदर्शनावर ठरणारे दिवस आम्ही यादीत भरतो, पण वेगळ्या रंगात. रमजान ईद शव्वालची पहिली तारीख असल्यामुळे ती आदल्या संध्याकाळीच पक्की होते. बकरी ईद जिल्हिज्जची दहावी तारीख, म्हणजे महिना सुरू झाला की हातात सव्वा आठवडा उरतो. या फरकामुळे रमजान ईदेला लागून कुठलीही एकत्र बैठक आम्ही ठेवत नाही. बकरी ईदेला तेवढं घाबरत नाही, फक्त महिना सुरू होण्याच्या दिवशी हिशेब पुन्हा चालवतो.

पुन्हा चालवण्याचा फायदा बघा. वरच्या उदाहरणात ईद एक दिवस पुढे, म्हणजे 28 मेला गेली तर? सुट्टी 27 ते 30 मे अशी होते, तिचे दोन दिवस शुक्रवार-शनिवारवर पडतात आणि रियाधला 26 तारीख कामाला मिळते. तपासणी 2 जूनला संपते, म्युनिकला 3 जून हा दिवस कॉर्पस क्रिस्टीच्या आधीच मिळतो आणि मंजुरी 10 जूनला होते. ईद पुढे गेली आणि काम एक दिवस अलीकडे आलं! हे डोक्यात होत नाही. म्हणून अंदाजाने दोन दिवस राखीव ठेवण्याऐवजी आम्ही ईदेच्या दोन्ही तारखा चालवून त्यातून येणारी उशिराची तारीख कळवतो. रमजान महिन्यात सौदीमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांचे कामाचे तास दिवसाला 8 वरून 6 होतात. तेव्हा दिवसांची संख्या सरळ आठास सहा या प्रमाणात वाढवायची.

सुपूर्द करण्याच्या दिवसाचंही एक गणित आहे. रियाधने गुरुवारी संध्याकाळी दिलेलं काम म्युनिक शुक्रवारी सकाळी उचलतं, वेळ वाया जात नाही. म्युनिकने शुक्रवारी दिलेलं रियाध रविवारी उचलतं, तेही छान. प्रकल्प आठवड्याला सहा दिवस हलता राहतो. अडचण कामाची नसते, शंकांची असते. शुक्रवारी म्युनिकला पडलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला रियाधला कुणी नसतं, आणि रविवारी उलट. म्हणून पाठवण्याची वेळ आम्ही गुरुवारी दुपारची ठेवतो, संध्याकाळची नाही. घेणाऱ्याने फाइल उघडून, चाळून निदान ढोबळ प्रश्न विचारेपर्यंत देणारा जागेवर असतो.

करारात ‘10 कामाच्या दिवसांत अभिप्राय’ असं असतं, तिथे कुणाचे कामाचे दिवस हे आम्ही लिहूनच घेतो. शिवाय जुनं टेम्प्लेट नव्या प्रकल्पाला लावण्याआधी तपासतो. सौदीची सुट्टी 2013 पर्यंत गुरुवार-शुक्रवार होती. अमिरातीत सरकारी कार्यालयं 2022 पासून शनिवार-रविवारवर गेली, शुक्रवारी अर्धा दिवस. शारजाच्या सरकारने शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस घेतले. खासगी कंपन्या आपापलं ठरवतात, त्यामुळे ‘अमिराती’ असं कॅलेंडर आमच्याकडे आता नाही. प्रत्येक कार्यालयाच्या नावाचं वेगळं आहे. ब्रुनेईच्या सरकारी कार्यालयांसाठी तर शुक्रवार आणि रविवार बंद, मध्ये शनिवार चालू. त्याची ओळ `"0000101"`.